दरवर्षी जाणाऱ्या शंभराचा हिशेब

आमचा दोघा भावंडांचा एकत्र पोर्टफोलिओ आहे. जवळजवळ सगळा पैसा एस अँड पी 500 निर्देशांकाच्या फंडात आणि दोघांचा घरखर्च त्यातूनच निघतो. आकडे सोपे राहावेत म्हणून इथे पोर्टफोलिओ 10,000 धरते आणि निर्देशांकही 10,000 वर आहे असं मानते. वर्षाला आम्ही त्यातून 400 काढतो. बाजार पाच-दहा टक्के पडला तर आम्ही ढिम्म हलत नाही. धास्ती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे महिना-दीड महिन्यात तीस टक्के खाली नेणारी पडझड. म्हणून पुट, म्हणजे बाजार कितीही पडला तरी स्ट्राइक या ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क देणारे करार, निर्देशांकापेक्षा बऱ्याच खालच्या स्ट्राइकचे, दरवर्षी नेमाने घेत राहायचे असं ठरलं. हे काम माझ्याकडे आलं, आणि दादाने पहिल्याच दिवशी विचारलं, "वर्षाला किती जाणार, आणि ते वसूल झाले की नाही हे कधी आणि कशावरून ठरवायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणं वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं, कारण 'किती जाणार' याला एकच उत्तर नसतं.

बाजार शांत असताना सहा महिन्यांनी संपणारा, निर्देशांकाच्या पंचवीस टक्के खालचा, म्हणजे 7,500 च्या स्ट्राइकचा पुट साधारण 55 ला मिळत होता. त्या वेळी निर्देशांकाच्या आसपासच्या स्ट्राइकची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे पुटच्या भावातून दिसणारा बाजाराच्या चढउताराचा वार्षिक अंदाज, 16 टक्क्यांच्या घरात होती, पण इतक्या खालच्या स्ट्राइकची 28 च्या आसपास. हा फरक म्हणजे स्क्यू. पडझडीची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळे खालच्या पुटना गिऱ्हाईक कायम असतं आणि ते कधीच अगदी स्वस्त मिळत नाहीत. नुसत्या 16 च्या व्होलॅटिलिटीने मी त्याची किंमत काढून पाहिली, तर ती 55 च्या जवळपासही पोचत नव्हती. म्हणजे पहिल्याच खरेदीत आम्ही गणितापेक्षा बरंच जास्त मोजत होतो. हे पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

आता 55 ला सहा महिने, तर वर्षाला 110, असा हिशेब करावासा वाटतो. आम्ही तसं करत नव्हतो. पुट शेवटपर्यंत धरून ठेवला तर शेवटच्या तीन महिन्यांत तो नावापुरताच उरतो. पडझड झालीच तर अजून बराच काळ शिल्लक असलेला पुट व्होलॅटिलिटी वाढल्यामुळे फुगतो, पण मुदत संपत आलेल्या पुटमध्ये ती ताकद राहत नाही. म्हणून तीन महिने झाले की जुना विकायचा आणि नवा सहा महिन्यांचा घ्यायचा, असं रोलिंग ठरलं. निर्देशांक जागच्या जागी राहिला तर तीन महिन्यांनंतर जुना पुट साधारण 15 ला विकला जायचा. निर्देशांक पाच टक्के वर गेला असेल तर त्याहून बराच कमी. म्हणजे तिमाहीला निव्वळ 40 आणि वर्षाला 160. पूर्ण पोर्टफोलिओला हे कवच घालायचं तर दीड टक्क्याहून जास्त, दरवर्षी.

एवढं द्यायची आमची तयारी नव्हती. दादाचं म्हणणं, वर्षाला एक टक्का, म्हणजे 100, त्यावर एक पैसा नाही. मग उलटा हिशेब केला. वर्षाला निव्वळ 100 घालवायचे तर पोर्टफोलिओच्या साधारण 60 टक्क्यांएवढेच पुट घेता येतात. तिमाहीला 33 मोजायचे, 9 परत यायचे, वर्षाला निव्वळ 96. हातात धरायची रक्कम मात्र 132 होते, आणि बजेट लिहिताना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले नाहीत तर वर्षअखेरीस भांडण ठरलेलं. कुणी म्हणतं 132 गेले, कुणी म्हणतं 96 गेले, आणि दोघंही बरोबर असतात.

बजेट पैशात बांधायचं, पुटच्या संख्येत नाही, हाही तेव्हाचाच निर्णय. 'नेहमी 60 टक्के कवच' असं ठरवलं असतं तर बाजार घाबरल्यावर तेच कवच दुप्पट भावात घ्यावं लागलं असतं. 'तिमाहीला 33' असं ठरवलं की महाग काळात कवच आपोआप पातळ होतं. त्याचा तोटा उघड आहे, तो पुढे येईलच.

पंचवीस टक्केच खाली का, दहा टक्के का नाही, हे दादाला पटवायला वेळ लागला. दहा टक्के खालचा, 9,000 चा पुट त्याच काळात 180 च्या आसपास होता, म्हणजे तिपटीहून जास्त. बाजार झटकन 30 टक्के पडला आणि व्होलॅटिलिटी 40-45 वर गेली असं धरून मी दोन्हींचे भाव काढले. 9,000 चा पुट 2,150 च्या आसपास जातो, म्हणजे बारा पट. 7,500 चा जातो 1,070 ला, म्हणजे जवळजवळ वीस पट. मोठ्या पडझडीत खर्चलेल्या पैशामागे लांबचा पुट जास्त देतो. मधल्या, दहा-पंधरा टक्क्यांच्या घसरणीत मात्र जवळचा पुट खरं काम करतो आणि लांबचा बहुतेक करून नुसता हलतो. आम्हाला मधल्या घसरणीची फिकीर नव्हती, त्यामुळे निवड सोपी झाली. ज्याला पंधरा टक्क्यांनी झोप उडते त्याने माझा आकडा उचलू नये.

त्या 1,070 मधले, निर्देशांक 7,000 वर असताना, फक्त 500 हे खरं अंतर आहे, म्हणजे 7,500 उणे 7,000. उरलेले 570 हे शिल्लक काळ आणि फुगलेली व्होलॅटिलिटी यांचे आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त किंमत भीतीची आहे, आणि भीती ओसरायला वेळ लागत नाही. समजा पुढच्या तीन महिन्यांत निर्देशांक 9,000 वर परतला आणि व्होलॅटिलिटी 35 वर आली, तर तोच पुट 30 च्या आसपास उरतो. 1,070 चे 30. अशा टेल हेजमध्ये, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पडझडीविरुद्धच्या संरक्षणात, नफा होतो तो पुट विकला तरच, आणि तो विकायची खिडकी कधीकधी काही दिवसांचीच असते.

म्हणून विकण्याचा नियम खरेदीआधी लिहून ठेवला. पुटचा भाव खरेदीच्या दहापट झाला की निम्मे विकायचे. उरलेले पुट, निर्देशांक खरेदीच्या वेळेपेक्षा 30 टक्के खाली गेला की, किंवा रोल करायची तारीख आली की, जे आधी होईल तेव्हा. हे लिहिल्यावर लाभाचा आकडा एकदम खाली आला. साठ टक्के कवच गुणिले 1,070 म्हणजे 640, असा कागदावरचा हिशेब मी आधी मिरवत होते. नियमाप्रमाणे निम्मे 550 ला जातात आणि निम्मे 1,070 ला, सरासरी 810, त्याच्या साठ टक्के म्हणजे साधारण 490. तळाचा दिवस कुणालाच कळत नाही, त्यामुळे 640 हा आकडा फळ्यावरून पुसून 490 लिहिला. पोर्टफोलिओ 3,000 ने पडणार, त्यातले 490 परत येणार. जेमतेम सहावा हिस्सा. दादा म्हणाला, "वर्षाला शंभर देऊन सहावा हिस्सा?" या प्रश्नाचं उत्तर लगेच देता आलं नाही.

मग 2022 उजाडलं. त्या वर्षी एस अँड पी 500 ने 3 जानेवारीला उच्चांक गाठला आणि 12 ऑक्टोबरपर्यंत तो 25 टक्के खाली आला. पडझडीसाठीच तर हेज घेतलेला, मग त्याने काय दिलं? जवळजवळ काहीच नाही. घसरण जिना उतरावा तशी झाली. पडलं, सावरलं, पुन्हा पडलं. व्हिक्स, म्हणजे पुढच्या महिन्याभरात बाजार किती हलेल याचा ऑप्शनच्या भावांतून काढलेला अंदाज, वर्षभरात एकदाही 40 च्या वर बंद झाला नाही. आमच्या मापात एका तिमाहीचं उदाहरण सांगते. निर्देशांक 10,000 वरून 9,200 वर आला, पुटचे तीन महिने उरले, आणि त्याचा भाव 49 च्या आसपास होता, 55 ला घेतलेला. म्हणजे आठ टक्के घसरणीत हेजने आपला घसारा जवळपास भरून काढला, एवढंच. नवा पुट घ्यायचा तर आता स्ट्राइक 6,900, आणि व्होलॅटिलिटी वाढलेली असल्यामुळे भाव 86. तिमाहीच्या 33 मध्ये साठऐवजी अडतीस टक्केच कवच आलं. शिवाय प्रत्येक रोलला स्ट्राइक बाजाराबरोबर खाली सरकत गेला. बाजार पंचवीस टक्के खाली गेला, पण आमच्या कुठल्याही एका पुटच्या आयुष्यात तो पंचवीस टक्के खाली गेला नाही.

हा दोष नव्हे, हे या साधनाचं रूपच आहे. लांबचा पुट घसरणीची खोली आणि वेग दोन्ही मिळून मोजतो. संथ घसरणीसाठी तो घेतलेलाच नसतो. पण वर्षअखेरीस वहीत पोर्टफोलिओसमोर मोठा उणे आणि हेजसमोरही छोटा उणे असा मजकूर दिसतो तेव्हा ही समजूत फार कामाला येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॅल्पर्स या पेन्शन फंडाने आपला टेल हेजचा कार्यक्रम 2020 च्या पडझडीच्या थोडं आधी, खर्च जास्त आणि परतावा नाही म्हणून, गुंडाळला होता. त्यावरून त्यांच्यावर खूप टीका झाली. मला ती टीका अर्धीच पटते. पडझडीनंतर सगळेच शहाणे असतात. खरा प्रश्न हा की त्यांनी बंद करताना खर्चाची तुलना कशाशी केली होती. बाहेर बसून ते कळत नाही, पण आमच्या घरात तोच प्रश्न अनुत्तरित होता हे मला तेव्हा जाणवलं.

ऑगस्ट 2024 ने दुसरी बाजू दाखवली. 16 जुलैच्या उच्चांकापासून 5 ऑगस्टपर्यंत निर्देशांक साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडला, आणि त्या सोमवारी सकाळी व्हिक्स 65 च्या वर जाऊन दिवसअखेर 38 च्या आसपास बंद झाला. व्हिक्स पुट आणि कॉल या दोन्ही प्रकारच्या ऑप्शनच्या बिड, म्हणजे घेणाऱ्याचा भाव, आणि आस्क, म्हणजे विकणाऱ्याचा भाव, यांच्या मधल्या भावांवरून काढला जातो. लांबच्या पुटच्या बिड आणि आस्कमधलं अंतर त्या सकाळी प्रचंड रुंदावलं आणि मधला भाव फुगला, पण तिथे खरे सौदे होतील असं नव्हतं. आमच्या पुटचं तेच झालं. स्क्रीनवर मधला भाव खरेदीच्या तिपटीच्या घरात दिसत होता, बिड त्याच्या बराच खाली. आमचा नियम दहापटीचा, त्यामुळे काही विकलं नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत व्हिक्स 20 च्या खाली परतला. त्या दिवसापासून वहीत पुटची किंमत मधल्या भावाने नाही, बिडने लिहिते. शांत दिवशी फरक थोडा असतो. ज्या दिवशी आकड्याला महत्त्व असतं त्याच दिवशी तो मोठा होतो.

मग एका वार्षिक आढाव्याला आम्ही दादाचा मूळ प्रश्न नीट घेऊन बसलो. आतापर्यंतची पद्धत अशी होती की गेलेला प्रीमियम एका रकान्यात, आलेले पैसे दुसऱ्यात, आणि वजाबाकी. अशा वजाबाकीत हेज मोठ्या पडझडीपर्यंत कायम हरलेला दिसतो आणि पडझडीनंतर महिनाभर जिंकलेला. दोन्ही वेळा ती वजाबाकी निर्णयाला उपयोगी नाही.

आधी सरासरी किती येऊ शकते ते काढलं. महिना-दोन महिन्यांत तीस टक्क्यांच्या आसपासची घसरण या निर्देशांकात किती वेळा झाली? 1987 मध्ये ऑगस्टच्या उच्चांकापासून 19 ऑक्टोबरपर्यंत 33 टक्के, त्यातले 20 टक्क्यांहून जास्त त्या एकाच दिवशी. 2008 मध्ये 19 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर या तीन आठवड्यांत 28 टक्के. आणि 2020 मध्ये 19 फेब्रुवारी ते 23 मार्च 34 टक्के. चाळीसेक वर्षांत तीन, म्हणजे ढोबळ मानाने बारा-तेरा वर्षांतून एकदा. तीन घटनांवरून सरासरी काढणं म्हणजे धाडसच. शिवाय 2008 च्या सप्टेंबरमध्ये पुट आधीच महाग झालेले होते, त्यामुळे तिथे वीस पटीची आशा धरणं चूक. पण याहून चांगला आधार हाताशी नव्हता.

बारा वर्षांत 1,200 जाणार, एकदा 490 येणार. निव्वळ 710 गेले, वर्षाला 59. म्हणजे या हेजचा खरा खर्च 100 नाही, 59 आहे, आणि तो नफा नाही हेही नक्की. 2011 च्या ऑगस्टसारख्या पंधरा-सतरा टक्क्यांच्या झटक्यात पुट सहापट वगैरे जाऊन येतो, पण आमच्या नियमात तिथे काही हाती लागत नाही, म्हणून ते शून्यच धरलं.

आता 59 जास्त की कमी? इथे दादाने सुचवलेला मार्ग मला सगळ्यात उपयोगी वाटला. तो म्हणाला, "हेज नसता तर तेवढंच संरक्षण मिळवायला आपण काय केलं असतं? शेअर कमी केले असते. त्याचा खर्च काढ."

तीस टक्के घसरणीत 490 वाचवायचे तर 1,630 च्या आसपास रक्कम शेअरमधून काढून अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवायला हवी. तेवढ्यावर शेअरचा जादा परतावा सोडावा लागतो. तो जादा परतावा वर्षाला 4 टक्के धरला तर खर्च 65. हा आकडाही पडझडीची वर्षं धरून काढलेली सरासरी आहे, म्हणून त्याची तुलना 100 शी नाही, 59 शी करायची. 59 विरुद्ध 65. बरोबरीच म्हणायची. शेअरचा जादा परतावा 4 ऐवजी 2 टक्के धरला तर रोख्यांचा खर्च 33 होतो आणि हेज सरळ हरतो. उलट, पडझड बाराऐवजी आठ वर्षांतून एकदा येते असं धरलं तर हेजचा खर्च 39 होतो आणि तो जिंकतो. म्हणजे निकाल दोन अशा गृहीतकांवर टांगलेला, जी कुणालाच खात्रीने माहीत नाहीत. शिवाय रोख्यांतली 1,630 ची रक्कम 2022 सारख्या संथ घसरणीतही 400 वाचवते. हेज तिथे रिकाम्या हाताने उभा असतो.

याच बैठकीत दादाने आणखी एक गोष्ट काढली आणि तिने हिशेबाचं तोंडच फिरवलं. "490 म्हणजे आपला सव्वा वर्षाचा खर्च. आपल्याला भीती तोट्याची आहे, की पडलेल्या बाजारात घरखर्चासाठी युनिट विकावे लागतील याची?"

मी म्हटलं, "दोन्हीची."

"मग दोन्हीचा हिशेब एकत्र का करतेस?"

त्याचं बरोबर होतं. तळाला विकावं लागू नये एवढाच हेतू असेल तर 500 रोख बाजूला ठेवले की झालं. त्याचा खर्च 4 टक्क्यांनी वर्षाला 20. त्याच कामासाठी हेज 59 घेतो. इथे हेजची बाजू मांडायला मला काही सापडलं नाही. एकूण तोट्याला मर्यादा घालणं हा हेतू असेल तर मात्र 500 रोखीने फारसं भागत नाही, ते 3,000 चा तोटा फक्त 150 ने कमी करतात. तिथे हेज आणि शेअर कमी करणं यांची बरोबरी आहे.

मग मिश्रण करून पाहिलं. 500 रोख आणि हेजचं बजेट निम्मं, वर्षाला 50. झटक्याच्या पडझडीत 9,500 चे 6,650 होतात, रोख 500, हेजचे 245, एकूण 7,395. तोटा 2,605. नुसता पूर्ण हेज ठेवला असता तर 7,000 अधिक 490, तोटा 2,510. म्हणजे 95 चा फरक. वार्षिक सरासरी खर्च मिश्रणाचा साधारण 50, पूर्ण हेजचा 59. संथ पंचवीस टक्क्यांच्या घसरणीत मिश्रण 125 वाचवतं, पूर्ण हेज शून्य. आणि मुख्य म्हणजे मिश्रणात सव्वा वर्षाचा खर्च हातात असतो. तो पुट वेळेवर विकला गेला की नाही, बिड होती की नव्हती, माझा हात थरथरला की नाही, यावर अवलंबून नाही.

ते लागू केलं. हेज पूर्ण काढून का टाकला नाही, हे दोन-तीन जणांनी विचारलं. कारण तीस टक्क्यांवरच थांबणारी पडझड हे आमचं गृहीतक आहे, बाजाराचं वचन नाही. झटक्यात चाळीस टक्के गेले, तीसवर विकायचा नियम पाळायलाही वेळ मिळाला नाही, तर रोखीचा उपयोग तेवढाच वाढतो, 150 चा 200 होतो. उरलेले निम्मे पुट मात्र आणखी खोलवर जातात आणि तिथे प्रत्येक शंभर अंकांमागे आधीपेक्षा जास्त देतात. या टोकाला साधं साधन त्याची बरोबरी करत नाही. त्याच्यासाठी वर्षाला 50 द्यायला आम्ही तयार आहोत. 100 द्यायला नाही.

वही आता बदलली आहे. गेलेले आणि आलेले पैसे असतातच, पण प्रत्येक तिमाहीला तिसरा आकडाही लिहिते. त्या पैशात त्या दिवशी किती टक्के कवच मिळालं, आणि बाजार दुसऱ्या दिवशी तीस टक्के पडला तर बिडच्या अंदाजाने नियमाप्रमाणे किती हाती येईल. प्रीमियम सारखाच राहून हा आकडा घसरत गेला, तर हेज महाग होतोय हे वर्षअखेरीची वाट न पाहता दिसतं.

थांबायची रेषाही आखली आहे. साठ टक्के कवचाच्या जुन्या मापात हेज 59 आणि शेअर कमी करणं 65, म्हणजे वर्षाला 6 ची जागा शिल्लक आहे. ते पूर्ण कवचाच्या मापात मांडलं तर वार्षिक निव्वळ खर्च 160 वरून साधारण 170-175 पर्यंत गेला तरी बरोबरी टिकते. त्याच्या वर सलग दोन तिमाही राहिला तर नवे पुट घेणं थांबवायचं, आणि तेवढं संरक्षण शेअर कमी करून मिळवायचं. यात अडचण अशी की खर्च त्या रेषेवर जातो तेव्हा बाजार बहुतेक घाबरलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच पुट सोडणं जिवावर येतं. म्हणून त्या वेळी निर्णय माझ्या हातात ठेवलेला नाही. खरेदीची ऑर्डर मी टाकते, पण रेषा ओलांडली असेल तर दादाच्या होकाराशिवाय टाकायची नाही, असं ठरलंय. तो कधीच आपणहून होकार देणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे.